पाणमांजर, केल्प आणि बाईंचा फसलेला अंदाज: मोठ्याने विचार करत वाचण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सातवीच्या एका वर्गातले आहे. शाळा, शिक्षिका आणि मुले यांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. मी त्या शिक्षिकेचा सहकारी. मागच्या बाकावर बसून नोंदी घेणे आणि तासानंतर मुलांचे कागद त्यांच्यासोबत वाचणे, एवढेच माझे काम होते. पुढे त्यांचा उल्लेख मुले करतात तसाच, 'बाई' असा करतो.

वर्गातली बहुतेक मुले न अडखळता वाचत. उतारा संपल्यावर 'कोण', 'कुठे', 'कधी' असे विचारले की उत्तर तयार असे. 'का' विचारले की मात्र प्रश्नातल्या एखाद्या शब्दाजवळचे वाक्य उचलून जसेच्या तसे उतरवले जाई. लेखकाने दोन वाक्यांमधला दुवा स्वतः सांगितला नसेल, तर मुलांच्या लेखी तो दुवाच नव्हता. बाईंचे म्हणणे असे, की डोळे शेवटच्या ओळीपर्यंत पोचले म्हणजे वाचन झाले, असे मुलांना वाटते. त्या दरम्यान डोक्यात काय चालायला हवे हे त्यांनी कधी पाहिलेलेच नाही. आणि पाहणार तरी कसे? सराईत वाचक वाचताना शांत बसलेला दिसतो.

त्यावर उपाय म्हणून बाईंनी थिंक-अलाऊड करायचे ठरवले. शिक्षकाने उतारा मोठ्याने वाचायचा आणि वाचता वाचता मनात येणारा विचारही तसाच मोठ्याने बोलायचा. पद्धत जुनी आहे. बेथ डेव्ही यांनी १९८३ मध्ये आकलनात मागे पडणाऱ्या मुलांसाठी ती मांडली, तेव्हा त्यात अंदाज बांधणे, मनात चित्र उभे करणे, आधीच्या माहितीशी सांगड घालणे, अडले की तसे बोलून दाखवणे आणि अडलेले सोडवणे, इतके सगळे होते. बाईंनी त्यातल्या दोनच गोष्टी निवडल्या: प्रश्न विचारणे आणि जोडणे. माझ्या मते ही निवड योग्यच होती. एका तासात पाच-सहा गोष्टी दाखवल्या की मुलांना त्यातली एकही नीट दिसत नाही.

अडचण

पहिला प्रयोग उंटावरच्या एका उताऱ्यावर झाला आणि फसला. कसा फसला ते नीट पाहण्यासारखे आहे, कारण बाहेरून तास उत्तम दिसत होता.

बाई प्रत्येक वाक्यानंतर थांबत आणि म्हणत, "मला प्रश्न पडतो, की…" उदाहरणार्थ, "मला प्रश्न पडतो, की उंटाच्या वशिंडात काय असेल?" पुढच्याच वाक्यात उत्तर होते: चरबी. मुलांना वाटले, बाई आपल्याला विचारताहेत. हात वर झाले, उत्तरे आली, बाईंनी "शाब्बास" म्हटले. दहा मिनिटांत थिंक-अलाऊडची प्रश्नमंजुषा झाली. विचार बाईंचा दिसायला हवा होता, दिसत होती ती मुलांची परीक्षा.

नंतर मुलांनी तोच उतारा पुढे स्वतः वाचला आणि आपले प्रश्न कागदावर लिहिले. जवळजवळ प्रत्येक कागद 'मला प्रश्न पडतो, की' यानेच सुरू होत होता. पुढे मात्र 'उंटाचा रंग कोणता असतो', 'वाळवंट म्हणजे काय', 'उंट किती उंच असतो' असले प्रश्न होते. एका मुलीने तर वाक्य जसेच्या तसे लिहून शेवटी नुसते प्रश्नचिन्ह टाकले होते. बाईंची वाक्यरचना मुलांनी तंतोतंत उचलली होती. त्या रचनेमागची गरज त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती.

आम्ही कागद वाटून घेतले आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कुठे सापडते, यावरून चार ढीग केले: त्याच वाक्यात, दोन दूरच्या वाक्यांना जोडून, उतारा आणि स्वतःची माहिती एकत्र करून, आणि उताऱ्याबाहेरच. टॅफी राफेल यांनी प्रश्न आणि उत्तर यांच्या नात्यावर जी मांडणी केली, तिच्याशी हे वर्गीकरण बरेचसे जुळते. पहिला आणि शेवटचा ढीग भरले. मधले दोन जवळजवळ रिकामे राहिले. आकलन घडते ते त्या मधल्या दोन ढिगांत.

आणखी एक गोष्ट बाईंच्या लक्षात आली, माझ्या नाही. एकाही कागदावर खाडाखोड नव्हती. आधी एक वाटले, मग पुढे वाचल्यावर ते बदलले, असे एकाही मुलाच्या बाबतीत झाले नव्हते. बाईंच्या वाचनातही ते झाले नव्हते. त्यांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्यांना आधीच ठाऊक होते आणि ते त्यांच्या आवाजात ऐकू येत होते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय होता थिंक-अलाऊड सोडून मुलांना 'का', 'कशामुळे', 'याचा मागच्याशी काय संबंध' अशा चांगल्या प्रश्नांची यादी देण्याचा. सोपे होते, पण उंटाच्या तासाला हेच तर घडले होते. साचा मिळाला की मुले साचा भरतात. कुठे थांबायचे आणि कुठे न थांबता पुढे जायचे, हे यादी सांगू शकत नाही.

दुसरा पर्याय विषयाची माहिती आधी शिकवण्याचा. याला मी बराच अनुकूल होतो. ज्या विषयाची काहीच माहिती नाही, त्यावर चांगला प्रश्न सुचत नाही, हे खरे आहे. पण बाईंनी हरकत घेतली: "सगळं आधीच सांगितलं तर उताऱ्यात जोडायला उरणार काय?" शेवटी तडजोड अशी झाली, की फक्त अनोळखी नावे आधी चित्रांसह ओळखीची करून द्यायची, त्यांच्यातले संबंध मात्र सांगायचे नाहीत.

तिसरा पर्याय थिंक-अलाऊडच नव्याने बांधण्याचा. त्यात खरा पेच होता तो प्रामाणिकपणाचा. अगदी न वाचलेला उतारा वर्गात हाती घेतला तर विचार खरा असेल, पण तो कुठेही भरकटू शकतो, किंवा काही अडणारच नाही आणि दाखवण्यासारखे काहीच घडणार नाही. तयारी करून गेले तर नाटक होते आणि मुले ते ओळखतात. यावर बाईंनीच मार्ग काढला. मी त्यांना न वाचलेला उतारा द्यायचा. त्यांनी तो घरी पहिल्यांदाच वाचताना फोनवर स्वतःचे बोलणे ध्वनिमुद्रित करायचे. मग ते ऐकून, जिथे त्या खरोखर थांबल्या, अडल्या किंवा चुकल्या, तेवढ्याच जागा वर्गात घ्यायच्या. म्हणजे वर्गातले बोलणे ठरवलेले, पण घडून गेलेले. हा पर्याय निवडला.

उतारा

मी दिलेला उतारा मुद्दाम असा लिहिला होता, की सगळे तुकडे त्यात आहेत, पण 'म्हणून' आणि 'कारण' हे शब्द जवळजवळ नाहीत. वाक्यांना क्रमांक दिले होते.

(१) समुद्री पाणमांजर उत्तर पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यालगत राहते. (२) सील आणि देवमासे यांच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो, तसा तिच्या कातडीखाली नसतो. (३) तिची फर मात्र सर्व सस्तन प्राण्यांमध्ये सर्वांत दाट असते. (४) ती रोज स्वतःच्या वजनाच्या सुमारे पाव हिश्श्याइतके अन्न खाते: खेकडे, शिंपल्यांतले जीव आणि काटेरी गोळ्यांसारखे दिसणारे सी अर्चिन. (५) अठराव्या शतकाच्या मध्यापासून व्यापाऱ्यांनी तिची इतकी शिकार केली, की १९११ मध्ये आंतरराष्ट्रीय कराराने शिकार थांबवली गेली तेव्हा ती फार थोडी उरली होती. (६) जिथून ती नाहीशी झाली, त्या किनाऱ्यांवर केल्पची पाण्याखालची जंगलेही विरळ झाली. (७) केल्प हे उंच वाढणारे शैवाल आहे. त्याला फुले, फळे किंवा बिया येत नाहीत. (८) मासे त्याच्या आडोशाला राहतात आणि सी अर्चिन ते कुरतडून खातात. (९) पाणमांजरे जिथे परतली, तिथे अनेक ठिकाणी केल्पही परतले.

केलेली कृती: बाईंचे वाचन

उतारा पूर्ण वेळ फळ्यावर मोठ्या अक्षरांत होता. सुरुवातीला बाईंनी एकच नियम सांगितला: "मी कागदाकडे बघते तेव्हा लेखकाचे शब्द वाचते. मान वर केली, की ते माझे बोलणे. मी तुम्हाला काही विचारत नाहीये. मी स्वतःलाच विचारतेय. तुम्ही फक्त बघायचं, की मी कुठे थांबते आणि थांबल्यावर कुठल्या वाक्याकडे जाते." मुलांच्या कागदावर दोनच रकाने होते: 'बाई थांबल्या ते वाक्य' आणि 'तिथून गेल्या ते वाक्य'. प्रश्न उतरवून घ्यायचा नव्हता. नजर कुठून कुठे गेली तेवढे टिपायचे होते. माझ्या मते पूर्ण प्रकरणातला सगळ्यात मोलाचा बदल हाच.

पहिल्या दोन वाक्यांवर बाई थांबल्या नाहीत. तिसरे वाचून मान वर केली.

"'मात्र' म्हणतोय लेखक. म्हणजे दुसऱ्या वाक्याला हे उत्तर आहे. चरबी नाही, पण फर आहे. थंडीचं असणार हे. देवमाशाला चरबी ऊब देते, हिला फर. थंडी हा शब्द इथे कुठेच नाही, तो मी माझ्याकडून घातला. पुढे चुकीचा निघाला तर काढून टाकेन."

चौथे वाक्य. "पाव हिस्सा! माझं वजन साठ किलो असतं तर मी रोज पंधरा किलो जेवले असते. एवढं का लागतं हिला? लगेच उत्तर नाही दिलंय. पण थांबा, अंगावर चरबी नाही. मग ऊब टिकवायला सतत काहीतरी जाळत राहावं लागेल शरीराला. म्हणजे चौथं वाक्य दुसऱ्याला जोडलं. हे लेखक म्हणाला नाही, मी म्हणतेय, पण जुळतंय."

पाचव्या वाक्यानंतर: "व्यापाऱ्यांनी. कोळ्यांनी नाही, व्यापाऱ्यांनी. म्हणजे खाण्यासाठी नसणार, विकण्यासाठी. काय विकतील? तिसऱ्या वाक्याकडे जाते. फर. सगळ्यात दाट फर. जी हिला जगवते, तिच्यामुळेच ही मेली." इथे वर्गात थोडी हालचाल झाली. काही मुलांनी तिसऱ्या वाक्याकडे दुसऱ्यांदा बाण काढला. एकाच वाक्याचा दोनदा, दोन वेगळ्या कामांसाठी उपयोग होतो, हे त्यांनी बहुधा प्रथमच पाहिले असावे.

सहाव्या वाक्यापाशी बाईंचा घरी चुकलेला अंदाज होता.

"पाणमांजर गेली आणि केल्पही कमी झालं. हे कसं? पाणमांजर तर केल्प खातही नाही, चौथ्या वाक्यात नाव नाही. तरीही संबंध आहे. पक्षी फळं खातात आणि बिया लांब नेऊन टाकतात, तसं काही असेल का? पाणमांजरीच्या फरीला केल्पच्या बिया चिकटत असतील, आणि ती गेल्यावर त्या पसरणं थांबलं असेल. मला हे पटतंय. घेऊन पुढे जाते."

सातवे वाक्य वाचता वाचताच त्या अडखळल्या. "'फुले, फळे किंवा बिया येत नाहीत.' गेला माझा अंदाज. बियाच नाहीत तर चिकटणार काय? मला कितीही आवडला असला तरी तो सोडायला हवा. पण प्रश्न तसाच आहे: पाणमांजर आणि केल्प यांच्या मधे कोण आहे?"

आठवे. "'सी अर्चिन ते कुरतडून खातात.' सी अर्चिन मी आधी वाचलंय. चौथं वाक्य! पाणमांजर अर्चिन खाते, अर्चिन केल्प खातं. पाणमांजर गेली, अर्चिन वाढले, केल्प संपत गेलं. मधला दुवा चार वाक्यं मागे पडला होता आणि मी तो यादीतलं एक नाव म्हणून सोडून दिला होता."

नववे वाक्य वाचून त्या लगेच खूश झाल्या नाहीत. "माझ्या साखळीला हे पुरावा देतंय. पण 'अनेक ठिकाणी' म्हटलंय, 'सगळीकडे' नाही. जिथे परतलं नाही, तिथे काय झालं? आणि केल्प परतलं ते पाणमांजरीमुळेच कशावरून, पाणी बदललं असेल तर? हे उताऱ्यात नाही. हा प्रश्न बाहेर घेऊन जायचा."

(याचे उत्तर शोधता येते. जेम्स एस्टेस आणि जॉन पाल्मिसानो या शास्त्रज्ञांनी अलास्काजवळच्या अल्यूशियन बेटांपैकी पाणमांजरे असलेली आणि नसलेली बेटे यांची तुलना करून १९७४ मध्ये निष्कर्ष मांडला, तो नेमका याच शंकेला भिडतो. बाईंनी ते वर्गात सांगितले, पण दुसऱ्या दिवशी. प्रश्न एक रात्र उघडा राहू दिला.)

निर्णयाची एक जागा: मध्येच आलेले उत्तर

सहाव्या वाक्यावर बाई बियांचा अंदाज बोलत असतानाच एक मुलगा ओरडला, "बाई, अर्चिन!" फळ्यावर सगळा उतारा उघडा होता. तो पुढे वाचून गेला होता.

बाईंसमोर तीन वाटा होत्या. त्याला दाद देऊन पुढे जाणे, म्हणजे बियांचा अंदाज आणि त्याचे कोसळणे दोन्ही हातातून जाणार. त्याला गप्प करणे, म्हणजे जो खरोखर विचार करतोय त्यालाच शिक्षा. तिसरी वाट त्यांनी घेतली: "मी अजून तिथे पोचले नाही. तू कुठून कुठे गेलास ते कागदावर लिहून ठेव, मी नंतर विचारणार आहे." आणि त्या आपल्या वाटेने गेल्या.

यावर आमचे मतभेद आहेत. माझ्या मते इथे लिहून आणलेले बाजूला ठेवून त्या मुलाला तिथल्या तिथे विचारायला हवे होते, कारण वर्गात एका खऱ्या वाचकाचा विचार ताजा सापडला होता. बाईंचे म्हणणे, की त्या मुलाला उत्तर मिळाले होते, पण बाकीच्या वर्गाला चुकलेला अंदाज पाहण्याची संधी तेव्हाच होती आणि ती परत आली नसती. वाचन संपल्यावर त्यांनी त्याला उभे केले. तो म्हणाला, "मी बघितलं पाणमांजर काय खाते, आणि मग ती नसली की ते खाणं उरणार. मग शोधलं, उरलेलं काय करतं." बाईंच्या बियांच्या वाटेपेक्षा ही वाट सरळ होती आणि बाईंनी तसे सांगितलेही. आता एकाच उताऱ्यात दोन वाचक दोन रस्त्यांनी एकाच जागी पोचलेले वर्गाने पाहिले. तडजोड वाईट झाली नाही, हे मी मान्य करतो.

केलेली कृती: मुलांच्या हाती

लगेच सगळे मुलांवर सोपवले नाही. पुढचा उतारा तांबोरा ज्वालामुखीवर होता. एप्रिल १८१५ मध्ये स्फोट. जाड राख थोड्या दिवसांतच खाली बसली. गंधकाच्या वायूपासून झालेले सूक्ष्म थेंब वातावरणात खूप उंच जाऊन हळूहळू पृथ्वीभर पसरले. १८१६ च्या उन्हाळ्यात युरोप आणि उत्तर अमेरिकेत थंडी पडून पिके गेली. इथेही वाक्ये सुटी सुटी ठेवली होती. पहिला अर्धा भाग बाईंनी वाचला, पण मान वर केली की बोलायचे एखाद्या मुलाने. उरलेला भाग जोड्यांनी: एकाने वाचायचे आणि बोलायचे, दुसऱ्याने नुसते 'कुठून कुठे' टिपायचे, मग अदलाबदल.

'मला प्रश्न पडतो, की' यावर बाईंनी बंदी घातली. गंमत म्हणून नव्हे. तयार सुरुवात काढून घेतल्यावर मुलांना स्वतःचे वाक्य शोधावे लागले, आणि ज्यांना खरेच काही अडले नव्हते, ती गप्प राहिली. गप्प राहायला परवानगी होती. पूर्ण उताऱ्यात निदान दोनदा थांबायचे, एवढीच अट.

परिणाम

एका मुलीने विचारले, "स्फोट १८१५ चा आणि उन्हाळा बिघडला १८१६ चा, मग मधलं एक वर्ष काय चाललं होतं?" दोन साल वेगवेगळ्या वाक्यांत होते. ते शेजारी ठेवल्याशिवाय हा प्रश्न पडत नाही. तिच्या जोडीदाराने 'हळूहळू' या शब्दाखाली रेघ मारून उत्तर दाखवले.

एका मुलाच्या कागदावर लिहिले होते, 'राखेने सूर्य झाकला म्हणून थंडी.' त्यावर काट मारून खाली लिहिले होते, 'नाही, राख तर बसली, वर लिहिलंय. ते थेंब.' बाईंनी हा कागद मला सगळ्यात आधी दाखवला. उंटाच्या तासाला खाडाखोड नव्हती म्हणून त्या अस्वस्थ झाल्या होत्या. इथे ती होती, आणि काट मारण्याचे कारण उताऱ्यातूनच आले होते.

ढीग पुन्हा केले. दोन वाक्यांना जोडणाऱ्या प्रश्नांचा ढीग आता खराखुरा ढीग होता. एकूण प्रश्न मात्र कमी झाले. ज्याला प्रश्नांची संख्या मोजायची सवय आहे, त्याला ही पीछेहाट वाटेल. तशी ती नाही, पण प्रगती मोजायची तर संख्येऐवजी उत्तराची जागा पाहावी लागते, हे वरिष्ठांना समजावताना बाईंना बराच वेळ लागला.

काही मुलांच्या बाबतीत काहीच हलले नाही. त्यांतली तीन-चार अजून अक्षरे जुळवत वाचतात. शब्द ओळखण्यातच सगळे लक्ष खर्च होत असताना चार वाक्ये मागचा अर्चिन लक्षात राहणे अवघड. थिंक-अलाऊड त्यांच्या अडचणीवरचा उपाय नव्हे. त्यांना वाचनाच्या ओघाचा वेगळा सराव हवा. बाईंनी वाचून दाखवलेल्या भागात मात्र याच मुलांपैकी एकाने फरीचा दुवा इतरांआधी टिपला होता. म्हणजे जोडण्याची कुवत होती, डोळे तिच्यापर्यंत पोचू देत नव्हते.

दुसरी मर्यादा गोष्टीच्या उताऱ्यावर उघडी पडली. तीच मुले, ज्यांनी तांबोरावर छान बाण काढले, ती कथेतल्या मुलीने पत्र का फाडले यावर पुन्हा जवळचे वाक्य उचलू लागली. माहितीपर उताऱ्यात दुवा कार्यकारणाचा असतो आणि बहुतेक वेळा पानावरच कुठेतरी सापडतो. कथेत तो माणसाच्या मनात असतो. तिथे 'कुठल्या वाक्याकडे गेलात' हा रकाना पुरेसा नाही. मुलांनी जे शिकले ते त्या प्रकारच्या उताऱ्यापुरते शिकले. आपोआप दुसरीकडे जाईल, ही आशा आम्ही दोघांनीही ठेवली होती.

काय वेगळे करता आले असते

सगळा उतारा एकदम फळ्यावर उघडा ठेवल्यामुळे पुढे वाचणाऱ्यांना उत्तर आधी मिळाले. खालची वाक्ये झाकून एकेक उघडली असती, तर बियांचा अंदाज पूर्ण वर्गाने एकत्र बांधला आणि सोडला असता. पण मग मागे-पुढे मोकळेपणाने जाण्याची मुभा, जी प्रत्यक्ष वाचनात असते, ती गेली असती. बाई पुढच्या वेळी पहिली सहा वाक्ये एकदम आणि उरलेली एकेक अशी उघडणार आहेत.

बाईंचे बोलणे काही ठिकाणी लांबले. नवव्या वाक्यावरच्या तीन शंका एका दमात आल्या आणि मुलांच्या कागदांवर तिथे काहीच टिपलेले नाही. तिथे एकच शंका पुरे होती: 'अनेक ठिकाणी' म्हणजे सगळीकडे नाही, एवढी. उताऱ्यातल्या शब्दावर बोट ठेवता येते तीच शंका या वयाच्या मुलांना धरता येते.

कथेसाठीचे थिंक-अलाऊड आता तयार होत आहे. मी एक न वाचलेली कथा दिली, बाईंनी घरी ध्वनिमुद्रण केले. ऐकताना असे दिसले, की माहितीपर उताऱ्यात त्या सात जागी थांबल्या होत्या, कथेत तीनच जागी, आणि तिन्ही वेळा संवादानंतर: पात्र जे बोलले आणि जे त्याने केले ते जुळत नव्हते तिथे. त्यामुळे नव्या कागदावर रकाने बदलले आहेत: 'काय बोलला' आणि 'काय केले'. तिसरा रिकामा ठेवला आहे. त्यात काय लिहायचे हे बाईंनी मुलांना सांगायचे की मुलांनीच ठरवायचे, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.